लांबट घरातले वाय-फाय: एक्स्टेंडर वेग का खातो आणि त्याऐवजी काय करावे

पुढे ओटीवर राउटर, मागे स्वयंपाकघर आणि मधे एकामागे एक खोल्या, अशा घरात मागच्या बाजूला रेंज येत नाही म्हणून भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा स्वस्त एक्स्टेंडर आणला जातो. तो लावताच मोबाइलवरचे वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, पण व्हिडिओ काही पुढे सरकत नाही. मग दोष कनेक्शनचा आहे असे समजून प्लॅन वाढवला जातो, किंवा दुसरा एक्स्टेंडर आणला जातो, आणि वेग आणखीच पडतो. या दोन्ही खर्चांची बहुधा गरज नसते. अशा घरात लांबीचा टप्पा केबलने पार करावा आणि वाय-फायकडे फक्त शेवटच्या एका-दोन खोल्यांचे काम ठेवावे. ते कसे करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे चुकते, हे पुढे दिले आहे.

उदाहरणासाठी कोकणातले जांभ्याच्या चिऱ्यांचे घर घेऊ. ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत ८० फूट लांबी, मधे चार जाड आडव्या भिंती, फायबरचे १०० एमबीपीएसचे कनेक्शन आणि राउटर ओटीवरच्या खिडकीजवळ. जुन्या वाड्यात किंवा दोन्ही बाजूंनी शेजार असलेल्या अरुंद, खोल घरात आकडे थोडे बदलतील, पण कामाची रीत तीच राहील.

## एक्स्टेंडर नेमके काय करतो

स्वस्त एक्स्टेंडरमध्ये बहुतेक वेळा एकच रेडिओ असतो आणि तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटरकडून आलेला डेटा तो आधी ऐकून घेतो आणि मग तोच डेटा त्याच चॅनेलवर मोबाइलकडे पुन्हा पाठवतो. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, त्यामुळे एक्स्टेंडर बोलत असताना राउटरला थांबावे लागते आणि राउटर बोलत असताना एक्स्टेंडरला. प्रत्येक डेटा हवेतून दोनदा जातो आणि दोन्ही वेळचा वेळ एकाच खात्यातून खर्च होतो.

हिशोब सोपा आहे. राउटर ते एक्स्टेंडर हा टप्पा ४० एमबीपीएसचा आणि एक्स्टेंडर ते मोबाइल हा टप्पा ६० एमबीपीएसचा आहे असे धरा. २४० मेगाबिट डेटाला पहिल्या टप्प्यात ६ सेकंद लागतील आणि दुसऱ्या टप्प्यात ४. एकूण १० सेकंद, म्हणजे प्रत्यक्ष वेग २४ एमबीपीएस. आता तोच एक्स्टेंडर रेंज नसलेल्या स्वयंपाकघरातच लावला आणि पहिला टप्पा ६ एमबीपीएसवर आला, तर त्याच डेटाला ४० अधिक ४ असे ४४ सेकंद लागतील आणि हाती साडेपाचच्या आसपास एमबीपीएस उरतील. मोबाइलवरचे चिन्ह मात्र पूर्ण भरलेलेच दिसेल, कारण ते मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातला सिग्नल दाखवते. एक्स्टेंडरला राउटर कसा ऐकू येतो आहे, हे त्या चिन्हावरून कधीच कळत नाही. नेमकी इथेच सर्वांत जास्त फसगत होते.

दुसरा एक्स्टेंडर पहिल्याच्या पुढे लावला की डेटा तीनदा हवेतून जातो. तिन्ही टप्पे ४० एमबीपीएसचे धरले तरी शेवटी १३ च्या आसपासच मिळतात. शिवाय मागची रांगणारी जोडणी चॅनेलचा वेळ अडवून ठेवते, म्हणून ओटीवर राउटरशेजारी २.४ गिगाहर्ट्झवर असलेला माणूसही मंदावतो. खोक्यावर छापलेला ३०० एमबीपीएसचा आकडा हा दोन उपकरणांमधल्या आदर्श जोडणीचा असतो. अशा अनेक एक्स्टेंडरांचे केबल लावायचे लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचेच असते.

## टप्पा १: आधी मोजणी

खरेदीला जाण्यापूर्वी घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक खोलीत दोन गोष्टी मोजा: सिग्नलची ताकद आणि प्रत्यक्ष वेग. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय मोजणारी फुकट ॲप मिळतात, ती ताकद डीबीएममध्ये दाखवतात. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत कामाचा, उणे ७० ला कुरकूर सुरू होते आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी असली काय आणि नसली काय, सारखेच. विंडोज लॅपटॉप असेल तर ही आज्ञा द्या. ती ताकद टक्क्यांत दाखवते आणि सोबत चॅनेलही सांगते:

```
netsh wlan show interfaces
```

आपल्या उदाहरणाच्या घरात आकडे साधारण असे येतील: ओटीवर उणे ४२, माजघरात उणे ६०, मधल्या खोलीत उणे ७०, स्वयंपाकघरात उणे ७९ आणि मागच्या पडवीत उणे ८६. हे आकडे २.४ गिगाहर्ट्झचे आहेत. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतीत जास्त खर्च होतो आणि तो बहुधा माजघराच्या पुढे जातच नाही. म्हणून दोन्ही बँड वेगवेगळे मोजा. जांभा पाणी शोषतो आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी पोहोचतो, त्यामुळे मे महिन्यात कशीबशी चालणारी खोली जुलैत बंद पडली तर नवल मानू नये.

तपासणी: लॅपटॉप राउटरला केबलने जोडून एकदा वेग मोजा. इथेच १०० च्या जागी ३० मिळत असतील, तर अडचण कनेक्शनची आहे आणि पुढचे काहीही करून ती सुटणार नाही.

## टप्पा २: राउटरच हलवता येतो का ते पाहा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात, कारण फायबर जोडणारा माणूस वायर जिथून घरात आली तिथेच, म्हणजे दर्शनी भिंतीवर, राउटर ठोकून जातो. राउटर घराच्या टोकाला असला की त्याचा अर्धा सिग्नल अंगणात जातो आणि उरलेल्याला चार भिंती ओलांडाव्या लागतात. तोच मधल्या खोलीत आणला तर दोन्ही टोकांकडे दोन-दोनच भिंती उरतात. घर ५०-६० फुटांचे आणि भिंती विटांच्या असतील, तर एवढ्यानेच काम भागू शकते.

यासाठी कंपनीच्या माणसाला बोलावून फायबरची वायर आत वाढवून घ्यावी. फायबर काचेचे असते. ते कोपऱ्यावर काटकोनात दुमडले किंवा खिळ्याखाली दाबले, तर प्रकाश गळतो आणि कनेक्शन अधूनमधून तुटते, म्हणून हे काम स्वतः करू नये. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवू नये. डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर लावावा.

आपल्या ८० फुटी घरात राउटर मधे आणल्यावर स्वयंपाकघर उणे ६० च्या आसपास येईल, पण पडवी आणि ओटी दोन्ही काठावरच राहतील. म्हणून तिथे पुढचा टप्पा घ्यावाच लागेल.

## टप्पा ३: केबलची निवड आणि मार्ग

कॅट-६ किंवा कॅट-५ई यांपैकी कोणतीही केबल चालते. दोन्ही १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस नेतात. महत्त्वाचे आहे ते आतले तांबे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते आणि ती सीसीए या नावाने ओळखली जाते. ती ठिसूळ असते, टोकाशी वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते. दुकानात केबलचे टोक चाकूने खरवडून पाहा: आत चंदेरी रंग दिसला तर ती घेऊ नका. दुकानदार खरवडू देत नसेल, तर दुसरे दुकान गाठा.

लांबी मोजताना फक्त घराची लांबी धरू नये. ८० फुटांत दोन्ही टोकांना वर चढून खाली उतरण्याचे मिळून २० फूट, कोपरे आणि आडवळणांचे १० फूट आणि दोन्हीकडे राखून ठेवायचे थोडे असे मिळवले, तर १२० फुटांच्या आसपास, म्हणजे ३७ मीटर होतात. सरळ ४० मीटर घ्या. मधे सांधा मारायची वेळ आली, तर पुढचे सगळे बिघाड त्या सांध्यातच निघतात.

मार्ग दोन असू शकतात. पहिला घरातून, माळ्यावरून. हा कोरडा असतो, पण कौलारू घराच्या माळ्यावर उंदीर असतातच आणि त्यांना केबलचे आवरण आवडते, म्हणून इथे केबल पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. दुसरा मार्ग बाहेरून, वळचणीखाली भिंतीच्या कडेने. हा सोपा आहे, पण इथे बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल हवी. घरात वापरायची राखाडी केबल उन्हाने काही वर्षांत तडकते.

इशारा: केबल विजेच्या वायरिंगच्या पाइपात घालू नका. दोन्ही शेजारून जात असतील, तर किमान एक वीत अंतर ठेवा. जिथे ओलांडावेच लागेल, तिथे काटकोनात ओलांडा.

इशारा: अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत, गोठ्यात किंवा खळ्यावरच्या खोलीत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली, तर अशा केबलमधून दोन्हीकडची उपकरणे जळतात. तिथे फायबर टाकावे.

## टप्पा ४: केबल ओढणे आणि टोके बांधणे

क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबल ओढायची आणि मगच टोकाला प्लग बसवायचे. प्लग आधीच बसवलेली केबल घेतली, तर भिंतीला बरेच मोठे भोक पाडावे लागते आणि ओढताना प्लगची खिटी हमखास तुटते.

बाहेरच्या भिंतीला भोक पाडताना ते आतून बाहेर किंचित उतरते ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत येणार नाही. भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक छोटा झोळ द्या. पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकून जाते. भोक नंतर सिलिकॉनने बुजवा. जांभ्यात ड्रिल सहज शिरते, मात्र चिऱ्यात पोकळी लागली तर बिट एकदम पुढे जाते, म्हणून शेवटचे दोन-तीन इंच सावकाश पाडावेत.

प्लग बसवताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. प्लगची खिटी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ प्लगपर्यंत शक्य तितका कायम ठेवावा. वायर सरळ करायला सोपे जाते म्हणून दोन-दोन इंच पीळ सोडणे ही नेहमीची चूक आहे. क्रिम्पिंगचे पक्कड विकत घेण्यापेक्षा ते असलेल्या सीसीटीव्हीवाल्याकडून दोन्ही टोके बांधून घेणे परवडते. तो ५ मिनिटांत काम करतो आणि टेस्टर लावून दाखवतो.

तपासणी: टेस्टरचे आठही दिवे दोन्हीकडे एकाच क्रमाने लागले पाहिजेत. टेस्टर नसेल, तर लॅपटॉपला गिगाबिट पोर्ट आहे का ते पाहून केबल जोडा आणि जोडणीचा वेग वाचा. १००० च्या जागी १०० दिसले आणि राउटरचे पोर्टही गिगाबिट असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी वायर बसलेली नाही, कारण १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरव्या या दोनच जोड्या पुरतात. केबल चालते आहे असे वाटते आणि दोष वर्षानुवर्षे लपून राहतो, तो असा.

## टप्पा ५: मागचा राउटर ॲक्सेस पॉइंट करणे

मागच्या टोकाला नवीन महाग यंत्र लागत नाही. जुन्या कनेक्शनचा पडून असलेला राउटर चालतो. तो दोन्ही बँडचा असेल तर उत्तम. त्याने घराला स्वतंत्र जाळे न देता पुढच्या राउटरचा फक्त लांब हात व्हावे, एवढेच पाहायचे आहे. ही मांडणी लांब केबलला जोडण्यापूर्वी, टेबलावर बसून करावी.

१. जुन्या राउटरचे रिसेटचे बटण टाचणीने १० सेकंद दाबून तो कोरा करा आणि लॅपटॉप त्याला केबलने जोडा.

२. पुढच्या, मुख्य राउटरचा पत्ता आधीच लिहून घेतलेला असावा. मुख्य राउटरला जोडलेल्या विंडोज लॅपटॉपवर `ipconfig` दिले की `Default Gateway` समोर तो दिसतो. तो `192.168.1.1` आहे असे धरू.

३. जुन्या राउटरच्या मांडणीत `Access Point` किंवा `AP Mode` असा पर्याय असेल, तर तो निवडा आणि सहाव्या पायरीवर जा. नसेल तर पुढचे हाताने करा.

४. त्याचा लॅनचा पत्ता बदलून `192.168.1.250` करा. मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या यादीत हा पत्ता येऊ नये. मुख्य राउटरच्या `DHCP` च्या पानावर ती यादी `Start IP` आणि `End IP` अशी दिसते. शेवट `192.168.1.254` असेल, तर तो `192.168.1.200` वर आणा.

५. जुन्या राउटरवरचा `DHCP Server`, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करा. हा क्रम उलटा करू नका. आधी डीएचसीपी बंद केले आणि राउटर सुरू होताना लॅपटॉपला पत्ता मिळाला नाही, तर मांडणीच्या पानावर परत जाणे कठीण होते.

६. लांब केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅन पोर्टात नाही. वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर लावायचे पोर्ट, बहुधा वेगळ्या रंगाचे असते.

७. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, म्हणजे मोबाइल पुढून मागे जाताना आपोआप जोडला जाईल.

तपासणी: मागे जोडलेल्या मोबाइलचा पत्ता `192.168.1` नेच सुरू झाला पाहिजे. तो `192.168.0` सारखा वेगळा दिसला, तर केबल वॅनमध्ये गेली आहे किंवा डीएचसीपी बंद झालेले नाही. केबल वॅनमध्ये असेल तर इंटरनेट चालते, पण पुढच्या खोलीतला प्रिंटर मागून दिसत नाही, मोबाइलवरचे टीव्हीवर टाकता येत नाही, आणि दोन्ही डीएचसीपी चालू राहिले तर काही उपकरणे मधेच इंटरनेट गमावतात.

## टप्पा ६: चॅनेल आणि ताकद

दोन्ही राउटर एकाच चॅनेलवर ठेवले, तर एक्स्टेंडरचाच रोग वेगळ्या रूपात परत येतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. पुढे १ आणि मागे ११ ठेवा, आणि चॅनेलची रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ करा. ४० मेगाहर्ट्झ निवडल्यास हे गणित मोडते. ५ गिगाहर्ट्झवर जाड भिंतींमुळे सहसा अडचण येत नाही. तिथे पुढे ३६ आणि मागे १४९ ठेवले तरी पुरे.

आता मागच्या खोलीत बसूनही मोबाइल कधी कधी पुढच्याच राउटरला चिकटून राहतो. कुठे जोडायचे हे मोबाइल स्वतः ठरवतो आणि सिग्नल अगदी तुटेपर्यंत तो जुने सोडत नाही. यावर इलाज म्हणजे पुढच्या राउटरची २.४ गिगाहर्ट्झची ताकद, `Transmit Power`, एक पायरी कमी करणे. कमी ताकदीने वाय-फाय सुधारते हे पटायला जड जाते, पण या घरात ते खरे आहे.

शेवटी सुरुवातीच्याच जागांवर पुन्हा मोजा. आपल्या उदाहरणात स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झवर प्लॅनच्या जवळचे, म्हणजे ९० च्या आसपास एमबीपीएस मिळायला हवेत. मागचा राउटर जुना १०० एमबीपीएसच्या पोर्टाचा असला, तरी अशा पोर्टातून ९४ च्या आसपास जातातच. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल, तर ४०-५० वर समाधान मानावे. वेग ठीक असूनही अडखळत असेल, तर मागून हे चालवून पाहा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

उत्तरे थोड्या मिलिसेकंदांत आणि एकही न हरवता आली, तर घरातले जाळे नीट आहे. काही हरवली, तर लॅपटॉप मागच्या राउटरला केबलने जोडून तेच पुन्हा करा. तरीही हरवली तर प्लग नव्याने बांधा.

## केबल शक्यच नसेल तर

भाड्याचे घर किंवा भोक पाडायला मनाई असेल, तर दोन रेडिओंचा एक्स्टेंडर किंवा मेश संच, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन राउटरांचा संच, घ्यावा. यात राउटरशी बोलायला एक बँड आणि मोबाइलशी बोलायला दुसरा वापरता येतो, त्यामुळे वेळ दोनदा खर्च होत नाही. पण राउटरकडचा टप्पा ५ गिगाहर्ट्झवर चालायचा तर दोन यंत्रांमधे एकच भिंत असावी. चार जांभ्याच्या भिंती एका उडीत तो पार करत नाही. एकाच रेडिओचा एक्स्टेंडर वापरणे भागच असेल, तर तो घराच्या मधे, राउटरचा सिग्नल उणे ६५ किंवा त्याहून चांगला मिळतो तिथे लावावा. म्हणजे आपल्या घरात माजघराच्या मागच्या टोकाला, स्वयंपाकघरात नव्हे.

विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टरही मिळतात. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आणि इन्व्हर्टरच्या एकाच बाजूला असतील, तर ते चालतात. एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरे नसेल, तर बहुधा नाही. म्हणून परत घेण्याच्या अटीवरच घ्यावेत. एक्स्टेन्शन बोर्डात लावू नयेत.

आणि घरात आधीच आणलेला एक्स्टेंडर फेकण्याआधी त्याला लॅन पोर्ट आहे का ते पाहा. पोर्ट असेल तर बऱ्याच एक्स्टेंडरांत `AP Mode` असतो. केबल त्याच्या पोर्टात लावली की तो रिपीटर राहत नाही आणि स्वयंपाकघराला पुरेसा वेग देतो. मात्र केबल जोडलेली असताना तो रिपीटर मोडमध्ये राहू देऊ नका, कारण त्याच डेटाला केबल आणि हवा असे दोन रस्ते मिळून तो गोल फिरत राहतो आणि सगळ्या घराचे जाळे ठप्प होते. तो वापरायचा नसेल, तर प्लगमधून काढून ठेवा. चालू राहिला तर मोबाइल त्यालाच जाऊन चिकटतात.